मधोमध पास, टोकाला नापास

प्रीकास्ट यार्डात रुजू होऊन मला दोन महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. सरांनी एका बीमचं कॅल्क्युलेशन माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "सॉफ्टवेअर उघडायचं नाही. कागदावर कर, मग माझ्याकडे ये." बीम अगदी साधा. ३०० बाय ६०० मिमीचा आयताकृती छेद, १० मीटर स्पॅन, दोन्ही टोकांना नुसता टेकलेला. प्रीटेन्शन्ड, म्हणजे आधी बेडवर स्ट्रँड, म्हणजे पोलादी तारांचे पीळ, ताणायचे, मग काँक्रीट ओतायचं आणि ते पुरेसं घट्ट झालं की स्ट्रँड कापून तो ताण काँक्रीटवर सोडायचा. यालाच ट्रान्सफर म्हणतात. काँक्रीट एम ४५, पण कापायच्या दिवशी क्यूबची ताकद ३५ मेगापास्कल हवी, असं ठरलेलं.

स्ट्रँड १२.७ मिमीचे, आठ. चार तळापासून ८० मिमीवर, चार १६० मिमीवर, सगळे सरळ. म्हणजे त्यांचा मध्य तळापासून १२० मिमीवर आणि छेदाच्या मध्यापासून १८० मिमी खाली. प्रत्येक स्ट्रँड १३०२ मेगापास्कलपर्यंत ताणलेला, म्हणजे त्याच्या तुटण्याच्या ताकदीच्या, १८६० च्या, ७० टक्के. एकूण जोर साधारण १०२८ किलोन्यूटन. स्वतःचं वजन मीटरला ४.५ किलोन्यूटन, वरून येणारा भार १३. ऑफिसच्या डिझाइन नोंदीत मर्यादा लिहिलेल्या होत्या: ट्रान्सफरच्या वेळी वरच्या कडेला ताण ३ मेगापास्कलपर्यंत चालेल, सर्व्हिसला, म्हणजे वापरात पूर्ण भार असताना, तळाशी ताण शून्य.

पहिल्या दिवशी मी सगळा लॉस, म्हणजे स्ट्रँडमधला जोर कमी होणं, सरळ १५ टक्के धरला. कॉलेजात बहुतेक उदाहरणांत असाच काहीतरी आकडा दिलेला असायचा. त्यावर सर्व्हिसचं गणित केलं तर तळाशी १.४ मेगापास्कल दाब शिल्लक राहत होता. मी खूश. 'एक स्ट्रँड कमी करता येईल' असं पेन्सिलीने लिहूनही ठेवलं.

सरांनी कागद पाहिला. "पंधरा टक्के कुठून आले?"

मी गप्प.

"ट्रान्सफरला फक्त पहिल्या क्षणाचा लॉस घे, सर्व्हिसला सगळे. एकेक काढ."

मग एकेक काढले. स्ट्रँड कापल्याबरोबर काँक्रीट आखडतं आणि त्याच्याबरोबर स्ट्रँडही आखूड होतो. हा लॉस काढायला स्ट्रँडच्या पातळीवर काँक्रीटमध्ये किती दाब आहे ते लागतं. स्वतःच्या वजनाचा वाटा वजा करून तो ९.४ मेगापास्कल आला. पोलाद आणि त्या वयाचं काँक्रीट यांच्या ताठपणाचं गुणोत्तर ६.६. गुणाकार ६२ मेगापास्कल, म्हणजे पावणेपाच टक्के. प्रीटेन्शनमध्ये नळीतलं घर्षण नाही आणि बीमच्या टोकाला अँकरची घसरणही नाही, त्यामुळे कापल्यानंतर लगेचचा लॉस म्हणजे जवळजवळ एवढाच. जोर उरला ९७९ किलोन्यूटन.

पुढचे लॉस सावकाश होणारे. श्रिंकेजसाठी, म्हणजे काँक्रीट सुकताना आकसतं त्यासाठी, प्रीटेन्शनचा आकडा ०.०००३, म्हणजे ५८ मेगापास्कल. इथे मी आधी पोस्ट-टेन्शनचं वयावर अवलंबून असलेलं सूत्र घातलं होतं, त्यातून ४१ आले होते. क्रीपचा, म्हणजे सततच्या दाबाखाली काँक्रीट हळूहळू आखडत जाण्याचा, गुणांक सातव्या दिवशी भार आला तर २.२. काँक्रीट कोवळं असताना ताण सोडल्याची ती किंमत. त्यातून १३६. लो-रिलॅक्सेशन स्ट्रँडचं रिलॅक्सेशन, म्हणजे ताणलेलं पोलाद हळूहळू सैलावणं, अडीच टक्के धरून ३३. बेरीज २९० मेगापास्कलच्या आसपास, २२ टक्के. (क्रीपसाठी मी दाब शेवटपर्यंत ९.४ च धरला. खरं तर वरचा कायमचा भार आल्यावर तो उतरतो, त्यामुळे १३६ थोडे जास्तच आहेत. सरांनी ते तसंच राहू दिलं.)

आता सर्व्हिस पुन्हा केली. उरलेला जोर P ८०० किलोन्यूटन. A छेदाचं क्षेत्रफळ, Z त्याचा सेक्शन मोड्युलस, e उत्केंद्रता म्हणजे ते १८० मिमी, आणि M भाराचं वाकवणारं मोमेंट.

```
bottom = P/A + P*e/Z - M/Z
       = 4.44 + 8.00 - 12.15 = +0.29
```

दाब ०.२९. पास, पण जेमतेम. एक स्ट्रँड कमी करायची माझी टीप मी स्वतःच खोडली. वरच्या कडेचा दाब ८.६, त्याची काळजीच नव्हती.

मग ट्रान्सफर. मधोमध वरच्या कडेला −१.२, म्हणजे ताण, तीनच्या आत. तळाशी १२.१ दाब. तेही ठीक. कागद घेऊन मी उभी राहिले. सरांनी पाहिला आणि पेनाचं टोक बीमच्या चित्राच्या डाव्या टोकावर ठेवलं.

"इथं?"

मधोमध स्वतःचं वजन वरच्या कडेवर ३.१ मेगापास्कलचा दाब देतं आणि आपला बचाव करतं. टोकाला ते मोमेंट जवळजवळ शून्य. पण स्ट्रँड सरळ आहेत, त्यामुळे १८० मिमीची उत्केंद्रता टोकापर्यंत तशीच राहते. मी जो छेद सगळ्यात वाईट समजून तपासला होता, तो ट्रान्सफरच्या वेळी सगळ्यात सुरक्षित होता.

अगदी टोकाच्या कडेवर मात्र ताण नसतो, कारण स्ट्रँडमधला जोर काँक्रीटमध्ये एकदम उतरत नाही. काही अंतरात चढत जातो. ते अंतर किती धरायचं यावर आमची थोडी चर्चा झाली. मी ६० व्यास म्हणाले, ७६० मिमी. वाटलं, जास्त धरलं की सुरक्षित. सर म्हणाले, "अगं, उलट. पकड पुरते का हे बघताना लांब अंतर वाईट. वरचा ताण बघताना आखूड अंतर वाईट. पूर्ण जोर लवकर चढला तर तिथे स्वतःच्या वजनाची मदत कमी." म्हणून ३० व्यास, ३८० मिमी घेतलं. तिथे वजनाची मदत फक्त ०.४६.

```
top at 0.38 m = 5.44 - 9.79 + 0.46 = -3.89
```

मर्यादा ३. ३५ मेगापास्कलच्या काँक्रीटची वाकण्यातली ताणताकद ०.७ गुणिले वर्गमूळ, म्हणजे ४.१. म्हणजे नोंदीतली मर्यादा तर ओलांडलीच आणि तडा जायलाही फारसं काही उरलेलं नव्हतं.

माझा पहिला उपाय: वरच्या बाजूला दोन स्ट्रँड घालू. वरच्या कडेपासून ६० मिमीवर घातले तर टोकाचा ताण पूर्ण जातो, उलट थोडा दाब येतो. पण तेच दोन स्ट्रँड मधोमध तळाचा दाब सर्व्हिसला दीड मेगापास्कलने खातात आणि आपल्याकडे शिल्लक होते ०.२९. तो उपाय तिथेच संपला.

उरलं डीबाँडिंग. खालच्या ओळीतल्या दोन स्ट्रँडवर टोकापासून प्लास्टिकची स्लीव्ह चढवायची, म्हणजे तेवढ्या लांबीत काँक्रीट त्यांना धरत नाही. टोकाला सहाच स्ट्रँड काम करतात, आणि खालचे दोन गेल्यामुळे त्यांचा मध्यही थोडा वर सरकतो. ताण −३.९ वरून −२.३ वर आला. स्लीव्ह किती लांब? आठही स्ट्रँड लागू असताना वजनाचं मोमेंट कुठे इतकं होतं की ताण ३ च्या आत राहील, ते काढलं: टोकापासून १.२३ मीटर. आम्ही दीड मीटर ठेवली. त्या दीड मीटरमध्ये सर्व्हिसचा तळही तपासला, तिथे बाहेरून येणारं मोमेंट कमी असल्याने सहा स्ट्रँड भरपूर होतात.

पहिले दोन बीम नीट निघाले. तिसऱ्याचे स्ट्रँड कापल्यावर तासाभरात बेडवरचे काका मला बोलवायला आले. एका टोकापासून अर्ध्या मीटरवर, वरच्या पृष्ठभागावर, आडवा केसासारखा तडा. पाणी शिंपडून पुसलं की ओली रेघ स्पष्ट दिसायची. क्रॅक गेजवर ०.१ मिमी.

मी आधी क्यूबचे रिपोर्ट काढले. ३६ आणि ३७. ताकद बरोबर होती. मग काकांनी मला टोकाशी वाकून बघायला लावलं. ते कापण्याआधी प्रत्येक स्ट्रँडवर बीमच्या तोंडापासून बरोबर १०० मिमीवर पिवळ्या ऑइलपेंटची खूण करतात आणि खुणेच्या पलीकडून कापतात. चांगल्या टोकाला स्लीव्हवाले दोन स्ट्रँड आत गेलेले होते, खूण आता ९० मिमीवर. तडा गेलेल्या टोकाला तेच दोन स्ट्रँड ९८ वर. बाकीच्या सहांइतकेच.

हिशोब सोपा आहे आणि मला तो आधी सुचायला हवा होता. ताणलेल्या स्ट्रँडची लांबी हजार मिमीमागे ६.७ मिमीने वाढलेली असते. दीड मीटर मोकळा असेल तर कापल्यावर तो १० मिमी आत जाणारच. काँक्रीटने धरलेला असेल तर एक-दोन मिमी. दोनच मिमी आत गेला, याचा अर्थ स्लीव्हच्या आत सिमेंटची स्लरी शिरली होती आणि स्लीव्ह असूनही स्ट्रँड चिकटला होता. म्हणजे तिथे आठही स्ट्रँड काम करत होते आणि ताण पुन्हा तो −३.९. स्लीव्हच्या आतल्या तोंडाला गुंडाळलेली टेप व्हायब्रेटर लागून सुटली असावी, असं काकांचं म्हणणं. मला दुसरं कारण सापडलं नाही.

कोणीतरी म्हणालं, भार आला की तडा आपोआप मिटेल. मलाही क्षणभर ते पटलं. पण गणित केलं तर पूर्ण भार आणि सगळे लॉस धरूनही ३८० मिमीवर वरच्या कडेला −१.८ राहतो. टोकाजवळ भाराचं मोमेंटही लहानच असतं. मिटणार नाही. मग त्यात इपॉक्सी भरलं, बीमच्या नोंदवहीत तड्याचं चित्र काढलं आणि सरांची सही घेतली. ते चिडले नाहीत. फक्त विचारलं, "पहिल्या दोन बीमचं मोजलं होतंस?" नव्हतं मोजलं. दोघे यार्डात गेलो, ते बीम अजून स्टॅकवर होते आणि स्ट्रँडची टोकंही घासलेली नव्हती. चारही टोकं ९० ते ९१.

चौथ्या बीमपासून स्लीव्हच्या दोन्ही तोंडांना आधी सिलिकॉन, वर टेप, आणि काँक्रीट ओतण्याआधी मी हाताने एकेक फिरवून बघते. कापल्यावर स्टीलची पट्टी घेऊन खुणा मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. चौथ्याची नोंद आहे: डावीकडे ९० आणि ९०, उजवीकडे ९१ आणि ९०.