शायलोचा ढोल

टेनेसीतल्या शायलोला मी गेलो तो एका ढोलासाठी. ५ एप्रिल १८६२च्या रात्री, अमेरिकन यादवी युद्धातल्या इथल्या लढाईच्या आदल्या रात्री, या रानात तो वाजला होता. कोणी वाजवला ते कुठेच नोंदलेलं नाही.

मावसभाऊ नॅशव्हिलला असतो. तिथून गाडीने अडीच तास. शेवटी टेनेसी नदीवरचा पूल ओलांडला की ओक आणि हिकरीच्या झाडीत रस्ता शिरतो आणि दोन्ही बाजूंना तोफा, पलटणींचे दगडी फलक दिसायला लागतात. एप्रिलचा पहिला आठवडा होता. डॉगवूडला पांढरी फुलं आली होती, ओकला नुकती पालवी फुटत होती. मी मुद्दाम याच दिवसांत आलो. लढाईच्या आदल्या दिवशी हे रान कसं दिसत असेल, ते मला बघायचं होतं.

तेव्हाची स्थिती अशी. नदीकाठच्या पिट्सबर्ग लँडिंगपासून आत शायलोच्या लाकडी चर्चपर्यंत उत्तरेच्या जनरल ग्रँटच्या फौजेचे तंबू पसरलेले, साधारण चाळीस हजार माणसं. बरेचसे अगदी नवखे शिपाई. छावणीभोवती खंदक नाहीत, कारण हल्ला होईल असं वरच्या कोणालाच वाटत नव्हतं. आणि दक्षिणेकडच्या दाट झाडीत, जेमतेम दोन मैलांवर, दक्षिणेचे जनरल जॉन्स्टन आणि बोरगार्ड यांचे जवळपास तेवढेच सैनिक जमिनीवर आडवे झालेले. ते ३ एप्रिलला कॉरिंथहून निघाले होते. अंतर पस्तीसेक किलोमीटर, पण पावसाने रस्त्यांचा चिखल झाला आणि ४ तारखेचा हल्ला आधी ५वर, मग ६वर गेला. शिधा संपत आलेला. ओली झालेली दारू पेटते का ते बघायला पोरं वाटेत बंदुका उडवत होती. बोरगार्ड वैतागला होता. एवढ्या गोंगाटानंतर शत्रू गाफील राहणं शक्य नाही, परत फिरू या, असं त्याचं म्हणणं. जॉन्स्टनने ऐकलं नाही.

त्या रात्री बोरगार्डच्या कानावर ढोल आला. आपल्याच कोणा पलटणीतला मूर्ख वाजवतोय असं समजून त्याने तो बंद करायला माणूस धाडला. माणूस परत आला आणि म्हणाला, हुकूम पोचवता येणार नाही, ढोल शत्रूच्या छावणीत वाजतोय.

हा प्रसंग वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी पुण्यात सात वर्षं पथकात ताशा वाजवला आहे. वाजवणाऱ्याला आपला आवाज कुठवर जातो याचा अंदाज असतो. पण तो कोण ऐकतंय, हे त्याला कसं कळणार?

अभ्यागत केंद्रात त्या काळचा एक ढोल काचेआड ठेवला आहे. लाकडी पिंप, दोन्ही तोंडांना वासराचं कातडं, बाजूने नागमोडी दोरी, दोरीवर चामड्याचे सरकते पट्टे. पट्टे खाली ओढले की पान आवळतं. खालच्या पानाला आतड्याच्या तारा लावलेल्या, त्यामुळे खडखडीत आवाज येतो. मला लगेच आपले दोरीचे ढोल आठवले. गणपतीत पाऊस आला की पान उतरतं आणि कितीही जीव तोडून मारलं तरी आवाज भसभस निघतो. कातड्याचे ताशे आम्ही कागद पेटवून तापवायचो. शायलोत त्या आठवड्यात पाऊसच पाऊस होता. म्हणजे ५ तारखेला प्रत्येक ढोलकऱ्याने पान सुकवण्यात वेळ घालवला असणार.

ही मुलं किती लहान होती? शिपायाला अठराची अट होती, वादकाला आईबापांच्या संमतीने बरीच सूट मिळे. बारा-तेरा वर्षांचीही होती. पगार महिना बारा डॉलर. पहाटे उठवणं, जेवणाला बोलावणं, रात्रीची हजेरी, दिवे विझवणं, सगळं ढोलावर. आणि एक ताल सगळ्यांत वेगळा, ‘लाँग रोल’. दोन ठोके उजव्या काडीने, दोन डाव्याने, वेग वाढवत नेत सलग तर्री. तो वाजला की हातातलं टाकून हत्यार घ्यायचं. लढाई पेटली की बहुतेक पोरं ढोल ठेवून जखमींना उचलायला जात.

इथला सर्वांत प्रसिद्ध पोरगा म्हणजे ‘जॉनी शायलो’, जॉन क्लेम. तोफगोळ्याने त्याचा ढोल फोडला अशी कथा सांगतात. पण ज्या २२व्या मिशिगन पलटणीत त्याने नाव कमावलं, ती शायलोनंतर काही महिन्यांनी उभी राहिली. मला त्या कथेपेक्षा तो निनावी ढोल खरा वाटतो.

संध्याकाळी आम्ही रे फील्डला गेलो. ५३व्या ओहायो पलटणीचा तळ इथे होता, सगळ्यांच्या पुढे. तिचा कर्नल ॲपलर दिवसभर सांगत होता की समोरच्या झाडीत शत्रू आहे. ग्रँटच्या हाताखालच्या जनरल शर्मनने त्याला ओहायोला परत जा असं सुनावलं. मी गवतात बसलो. पुढचं माझ्या मनातलं आहे.

चौदा वर्षांचा पोरगा. शेकोटीपासून हातभर अंतरावर ढोल आडवा धरून बसलाय, फार जवळ नेला तर कातडं तडकेल. बोटाने टिचकी मारतो. अजून सैल. पट्टे खाली ओढतो, परत टिचकी. सार्जंट येऊन म्हणतो, “झालं का रे? हजेरीची वेळ झाली.” पोरगा उठतो, पट्टा खांद्यावर घेतो. कर्नलसाहेबांना सगळे हसतात हे त्याने ऐकलंय, म्हणून तोही थोडा हसलाय. पण समोरच्या झाडीतून संध्याकाळी ससे आणि हरणं पळत छावणीत घुसली, ते त्याला विचित्र वाटलंय. तो वाजवतो. सुकल्या पानावर काडी छान उसळते, इतक्या दिवसांनी आवाज स्वच्छ निघतो. त्याला बरं वाटतं, आणि तो शेवटचा भाग हवा त्यापेक्षा थोडा लांबवतो. झाडीत कोणीतरी मान वर करतं.

यापुढचं पुन्हा इतिहासातलं. पहाटे तीनच्या सुमारास उत्तरेच्या कर्नल पीबॉडीने वरिष्ठांना न विचारता मेजर पॉवेलबरोबर अडीचशेच्या आसपास माणसं टेहळणीला पाठवली. पाचच्या सुमारास फ्रेली फील्डच्या कपाशीच्या शेतात त्यांची दक्षिणेच्या पहाऱ्याशी गाठ पडली. मग प्रत्येक तळावर लाँग रोल वाजला. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे २३,७०० माणसं. पीबॉडी आणि पॉवेल दोघेही पहिल्याच दिवशी गेले.

दिवस मावळताना नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या स्मशानभूमीत पोचलो. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या कबरींवर वीतभर उंचीचे चौकोनी दगड आहेत, त्यावर फक्त आकडा. नाव नाही, पलटण नाही, वय नाही. भाऊ गाडीकडे गेला. मी एका रांगेत उभा राहून दोन-दोन बोटांनी मांडीवर तो रोल हळूच वाजवून बघितला, दोन उजवे, दोन डावे. पहारेकऱ्याने फाटक बंद करायची वेळ झाल्याची हाक दिली तेव्हा थांबलो.