उत्तर बरोबर, आकार चूक

अकरावीच्या रासायनिक बंधांच्या वर्कशीटमध्ये आम्ही एक तक्ता देतो: रेणू, मध्यवर्ती अणूचे हायब्रिडायझेशन, आकार आणि शेवटी ध्रुवीय की अध्रुवीय. प्रत्येक रकान्याला एक गुण असतो. या वर्षी तक्त्यात CF4, SF4 आणि XeF4 ही तीन टेट्राफ्लोराइडे एकाखाली एक होती. सूत्रे दिसायला सारखीच असली, तरी आकार तिन्हींचे वेगळे आहेत, आणि मुलांनी नेमके तेच शोधावे अशी अपेक्षा होती.

एका विद्यार्थिनीने तिन्ही ओळींत sp3, चतुष्फलकीय आणि अध्रुवीय असे लिहिले होते. CF4 ची ओळ पूर्ण बरोबर आणि SF4 ची पूर्ण चूक होती. XeF4 च्या ओळीत हायब्रिडायझेशन आणि आकार चुकले होते, पण शेवटचा शब्द बरोबर होता आणि उत्तरपत्रिकेप्रमाणे त्याला गुण मिळत होता. मी तो गुण दिला नाही. ती वही घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, XeF4 अध्रुवीयच आहे ना? मग गुण का कापला?"

तिने बंध मोजले होते, जोड्या मोजल्या नव्हत्या. झेनॉनच्या बाहेरच्या कवचात 8 इलेक्ट्रॉन असतात. चार फ्लोरिनशी बंध करताना त्यातले 4 वापरले जातात आणि उरलेल्या 4 इलेक्ट्रॉनांच्या 2 लोन पेअर होतात, म्हणजे झेनॉनभोवती एकूण 6 जोड्या. गंधकाच्या 6 इलेक्ट्रॉनांपैकी 4 बंधांत जातात आणि एक लोन पेअर उरते, म्हणून SF4 मध्ये 5 जोड्या. कार्बनकडे काहीच उरत नाही. शिकवणी वर्गातून पाठ करून आलेले अर्ध्या बेरजेचे सूत्र हे आकडे झटकन देते, पण उरलेल्या जोड्या कुठे बसतात हे ते सांगत नाही, आणि खरे काम तिथूनच सुरू होते. हायब्रिडायझेशनच्या रकान्याबद्दलही माझी तक्रार आहे. SF4 साठी sp3d लिहिले की गुण मिळतो, पण गंधकाच्या d कक्षकांचा बंधांतला वाटा फार थोडा असतो, असे नंतरच्या गणितांतून दिसले आहे. आकार जोड्यांच्या मोजणीतून आणि त्यांच्या परस्पर प्रतिकर्षणातून ठरवता येतो. त्यासाठी हे लेबल लागत नाही.

मी तिला शाडूचा गोळा आणि खराट्याच्या काड्या दिल्या. SF4 साठी तिने पाच काड्या त्रिकोणी द्विपिरॅमिडमध्ये खोचल्या: तीन विषुववृत्तावर, एक वर, एक खाली. लोन पेअर तिने आधी वरच्या टोकाला धरली. तिथून 90 अंशांवर किती बंध येतात ते तिने मोजले, तर तीन आले. मग तीच जोडी विषुववृत्तावर धरली, तेव्हा 90 अंशांवर वरचा आणि खालचा असे दोनच बंध राहिले. लोन पेअर जास्त जागा अडवते, म्हणून तिला कमी दाटीची जागा मिळते, आणि चार फ्लोरिनांचा आकार सी-सॉसारखा होतो. प्रत्यक्षात टोकांच्या दोन बंधांमधला कोन सुमारे 173 अंश आणि विषुववृत्तावरच्या दोघांमधला सुमारे 102 अंश आहे, म्हणजे सगळे बंध लोन पेअरपासून दूर झुकलेले आहेत. चार बंधध्रुव इथे एकमेकांना पुरते खोडत नाहीत. रेणूचा द्विध्रुव आघूर्ण सुमारे 0.63 डिबाय भरतो.

XeF4 साठी सहा काड्या अष्टफलकात बसल्या. दोन लोन पेअर शेजारी धरल्या तर त्या 90 अंशांवर येतात, समोरासमोर धरल्या तर 180 अंशांवर. म्हणून त्या समोरासमोर जातात आणि चार फ्लोरिन एका सपाट चौरसात उरतात. समोरासमोरचे बंधध्रुव एकमेकांना खोडतात आणि आघूर्ण शून्य होतो.

तिने काड्या फिरवून पाहिल्या आणि विचारले, "पण चतुष्फलकातही शून्यच येतो ना?" हो, येतो, आणि अडचण तीच आहे. लोन पेअर शेजारी असत्या तर रेणू ध्रुवीय झाला असता, म्हणून शून्य आघूर्ण ती मांडणी बाद करतो; पण चौरस आणि चतुष्फलक यांच्यात तो फरक करूच शकत नाही. तो फरक कोनात दिसतो: चौरसात शेजारचे F–Xe–F कोन 90 अंश, चतुष्फलकात सगळे 109.5 अंश.

विभागातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत असे, की रकाना स्वतंत्र आहे तर गुणही स्वतंत्रच दिला पाहिजे. छापील तक्त्याच्या नियमाने ते बरोबर आहेत, आणि तिचा गुण मी शेवटी दिला. तरीही जो रकाना चुकीच्या आकाराला बरोबर ठरवतो, तो तक्त्यात एकटा ठेवणे मला पटत नाही. पुढच्या वर्कशीटमध्ये मी आकारानंतर बंधकोनाचा रकाना घातला आहे, आणि ध्रुवीयतेच्या रकान्यात कोणते बंध कोणाला खोडतात ते बाणांनी दाखवायला सांगितले आहे.