यावर काहीतरी लिही ना

जुलै उजाडला की दुपारच्या वेळी हमखास एक फोटो येतो. खिडकी, काच, काचेवर पाणी. खाली एकच ओळ: ‘यावर काहीतरी लिही ना, छोटंसंच.’ छोटंसं म्हणजे किती, ते नाही. हसरं की उदास, तेही नाही. पाठवणारा मोकळा होऊन जेवायला बसतो आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यात आपोआप काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांबरोबर आठवणी ओघळायला लागतात. पाठोपाठ चहाचा कप आणि ‘ती’. हे सगळं फोटो न उघडताही लिहिता येतं, आणि तिथेच त्याची परीक्षा होते. लिहिलेल्या ओळी शेजारच्या बिल्डिंगमधल्या खिडकीच्या फोटोखाली चिकटवून बघाव्यात. तिथेही चपखल बसल्या, तर आपण फोटो पाहिलेलाच नाही.

तेव्हा आधी फोटो मोठा करायचा. दोन बोटांनी, कोपऱ्याकोपऱ्यात.

पहिली गोष्ट, फोकस कुठे आहे? मोबाईलचा कॅमेरा बहुतेक वेळा काच ओलांडून समोरची इमारत पकडतो आणि थेंबांचे नुसते पुसट डाग होतात. असा फोटो बाहेर बघणाऱ्या माणसाचा. थेंब रेखीव आणि मागचे दिवे गोल गोल पसरलेले असतील, तर काढणाऱ्याने स्क्रीनवर बोट टेकवून थेंब निवडलेला असतो. त्याला काचेपाशीच थांबायचं होतं. न सांगितलेला मूड निम्मा इथेच कळतो.

दुसरी गोष्ट, धुकं काचेच्या कोणत्या बाजूला आहे? घरात दमट ऊब आणि बाहेर गारवा असेल तर वाफ आतून धरते. एसीच्या खोलीत उलटं, काच बाहेरून धुरकटते. त्यामुळे बोटाने ओढलेली रेघ दिसली आणि थेंब त्या रेघेच्या पलीकडे असले, तर आत माणसं आहेत आणि खिडकी बराच वेळ बंद आहे. आणि थेंब सगळे तिरके, एकाच दिशेला ताणलेले दिसले तर ती घराची खिडकी नव्हेच, चालत्या गाडीची आहे. तिथे ‘माझ्या खोलीत’ लिहिलं की गेलंच.

आता एक फोटो घेऊ. सरकत्या काचांची ॲल्युमिनियमची खिडकी. आभाळ नुकतं राखाडी झालंय, गल्लीतला दिवा अजून चालू आहे. पहाट की तिन्हीसांजा, हे उजेडावरून सांगता येत नाही, पण बाहेर ग्रीलला दुधाची पिशवी अडकवलेली आहे. म्हणजे पहाट, आणि घर तळमजल्यावरचं. थेंब स्पष्ट आहेत. आणि सगळ्यात खाली, काच जिच्यात सरकते त्या खाचेत, पिळा घालून कोंबलेली जुनी साडी. खाचेत पाणी साचलं की बाहेर जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. त्यात धूळ आणि केस अडकले की पाणी आत, ओट्यावर नाहीतर गादीवर. पावसाळ्यात घरोघरी हीच साडी असते, फक्त काठ वेगळे.

लांबी किती? फोटोत काय काय घडतंय तेवढी. नुसते थेंब असतील तर तीन ओळींच्या वर जाऊ नये. प्रत्येक थेंब बहिर्गोल भिंगासारखा वागतो, म्हणून त्यात पलीकडचं दृश्य उलटं दिसतं. फोटो मोठा केला की गल्लीतला दिवा खाली आणि रस्ता वर दिसेल. त्याचा हायकू असा झाला:

थेंबाथेंबात
उलटी टांगलेली
अख्खी गल्लीच

पाच, सात, पाच अक्षरं भरली. पण शेवटचा ‘च’ मोजणी पुरी करायला आलाय आणि तो कुणालाही ओळखू येतो. तो काढावा. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला तेव्हापासून इथे तीन ओळी आणि एक झटका एवढं सांभाळतात, पाच-सात-पाचवर कुणी अडून बसत नाही. ‘अख्खी गल्ली’ म्हणून थांबलं की ओळ मोकळी होते. फोकस इमारतीवर असता तर मात्र हा हायकू खोटा ठरला असता, कारण डागांमध्ये गल्ली दिसत नाही.

पण साडीचं काय? साडी हायकूत मावत नाही, तिला थोडा वेळ लागतो, ती कुणीतरी कोंबलेली आहे. चारोळी घ्यावी तर चौथ्या ओळीत टाळी घेण्याचा मोह होतो आणि साडीवर टाळी वाजवणं बरं दिसत नाही. मग मोठा अभंग: सहा, सहा, सहा, चार. जोडाक्षर एकच मोजायचं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. हरिपाठ म्हणणाऱ्या घरांत हा हिशेब बोटांवर करावा लागत नाही, कानालाच कळतो.

फटीत कोंबली
जुनी साडी ओली
पाऊस ती प्याली
रात्रभर

पहिला चरणही ‘ली’वर संपला, ती फुकटची कमाई. ‘प्याली’ कवितेसाठी ओढून आणलेलं नाही, कापड पाणी पितंच. शंका ‘रात्रभर’ची. फोटो एका क्षणाचा आणि आपण रात्रीची साक्ष देतोय. पण चिंब झालेली साडी आणि दुधाची पिशवी मिळून तेवढं बोलू देतात. पिशवी नसती तर ‘रात्रभर’ लिहू नये. तिथे दुसरा चार अक्षरी शब्द शोधायचा किंवा ती कडी सोडून द्यायची.

इथे थांबलं तरी चालतं. तरी हे पाठवल्यावर ‘अजून थोडं वाढव ना’ असं उत्तर येतं, नव्वद टक्के येतंच. वाढवायचं तर फोटोत न वापरलेली वस्तू शोधावी. विशेषणं घालून वाढवू नये, त्याने आधीची कडीही पातळ होते. आपल्याकडे पिशवी उरली आहे:

पिशवी दुधाची
ग्रीलला भिजते
अजून निजते
घर सारे

अक्षरं बरोबर, यमक बरोबर, आणि कडी चुकीची. घर सारं निजलेलं असेल तर फोटो कुणी काढला? हे फार वेळा निसटतं. खिडकीच्या फोटोत खिडकीइतकाच तिच्यासमोर उभा राहिलेला माणूस असतो, आणि तो जागा आहे. म्हणून शेवटचा चरण बदलायचा, पुन्हा चारच अक्षरं: ‘बाकी घर’.

अजून निजते
बाकी घर

आता एक जण जागा झाला. त्याने, किंवा बहुधा तिने, साडी पिळली नाही, दूध आत घेतलं नाही, आधी थेंबावर बोट टेकवून फोटो काढला. मूड कुठला म्हणायचा हा? उदास म्हणवत नाही, खुशीतला म्हणावा तर साडी मधे येते. असू दे, विचारला कुणी होता. दूध तेवढं आत घ्या म्हणावं.