स्टेटस रिपोर्ट : तीन शुक्रवार, चौदा स्लाइड आणि न आलेलं उत्तर

आमच्या कंपनीत जुनं अकाउंट्सचं सॉफ्टवेअर बदलून नवीन ईआरपी आणायचं काम माझ्याकडे होतं. नवीन सिस्टिम 1 एप्रिलला सुरू व्हायची होती. प्रोजेक्टच्या स्पॉन्सर म्हणजे फायनान्सच्या प्रमुख मॅडम. त्यांना दर शुक्रवारी रिपोर्ट जायचा, कंपनीच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिसने, म्हणजे पीएमओने दिलेल्या ठरलेल्या साच्यात. त्या साच्यावर माझा अजून राग आहे. चौदा स्लाइड, आणि एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. शुक्रवारची दुपार त्यातच जायची.

अडलं ते पुरवठादारांच्या यादीवर. जुन्या सिस्टिममध्ये सुमारे 11,000 नावं होती आणि त्यातल्या जवळपास 4,000 जणांशी तीन वर्षांत एकही व्यवहार नव्हता. ती नवीन सिस्टिमकडे न्यायची की नाही, हे ठरल्याशिवाय डेटा साफ करणारी टीम हात लावेना. मी हे जानेवारीचे तीन शुक्रवार सलग लिहिलं. अकराव्या स्लाइडवर, जोखमींच्या तक्त्यात : ‘पुरवठादार डेटाबाबत स्पष्टता प्रलंबित. प्रभाव : मध्यम.’ उत्तर नाही. मी मनातल्या मनात चरफडत होतो, की वाचतच नाहीत. गंमत म्हणजे पहिल्या स्लाइडवर प्रोजेक्टचा रंग हिरवाच होता. आमच्याकडे अशा रिपोर्टला कलिंगड म्हणतात, वरून हिरवा, आत लाल.

शेवटी मॅडमना लिफ्टपाशी गाठलं. त्या म्हणाल्या, “वाचलं होतं मी. पण त्यात मी काय करायचं, ते कुठे लिहिलं होतं?”

केबिनला परत येऊन ती ओळ पुन्हा वाचली. खरंच नव्हतं लिहिलेलं. शिवाय ती जोखीम नव्हतीच. जोखीम म्हणजे पुढे घडू शकेल असं काही. हे तर घडून बसलं होतं, आणि त्यावर निर्णय हवा होता. ‘स्पष्टता प्रलंबित’ यात कोणाकडे प्रलंबित, कधीपर्यंत, आणि नाही मिळाली तर काय, यातलं काहीच नाही.

30 जानेवारीच्या शुक्रवारी पीपीटी जोडली नाही. मेलमध्येच लिहिलं, कारण मॅडम मेल फोनवर बघतात. सगळ्यात वर हे :

‘निर्णय हवा, 6 फेब्रुवारी, दुपारी 4 पर्यंत. तीन वर्षं व्यवहार नसलेले पुरवठादार : (अ) सगळे न्यायचे, साफसफाईला एक आठवडा जास्त. (ब) ज्यांची बाकी शून्य, ते सोडायचे. आमची शिफारस ब. उत्तर न आल्यास ब धरून 9 तारखेला काम सुरू करू. साफसफाईला 10 कामाचे दिवस लागतात, त्यामुळे आणखी उशीर झाला तर चाचणी 24 फेब्रुवारीच्या पुढे जाईल.’

वीस मिनिटांत उत्तर आलं : “ब. पण ज्यांची रिटेन्शनची रक्कम आपल्याकडे अडकली आहे, ते सोडू नका. ती वेगळ्या खात्यात दिसते.”

रिटेन्शन म्हणजे कामाची हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम. ती वेगळ्या खात्यात असल्यामुळे त्यांची बाकी शून्य दिसत होती, हे मला माहीतच नव्हतं. उत्तर आलं नसतं तर ते पुरवठादार गळले असते. म्हणून ‘उत्तर न आल्यास’ ही ओळ मी तिथेच टाकतो, जिथे चूक नंतर दुरुस्त होऊ शकते. जुनी सिस्टिम बघण्यापुरती चालू राहणार होती, म्हणून इथे चाललं. पैसे मंजूर करायचे असतील किंवा करारावर सही हवी असेल, तर गप्प राहणं म्हणजे होकार धरायचा नाही. तिथे फोनच करायचा.

निर्णयाखाली प्रगतीच्या चार ओळी. टक्के लिहीत नाही, कारण आमची साफसफाई महिनाभर ‘90 टक्के’च होती. त्याऐवजी टप्पा, आधी ठरलेली तारीख, आताची तारीख. ‘डेटाची पहिली चाचणी : 2 फेब्रुवारी, आता 24 फेब्रुवारी.’ बावीस दिवस डोळ्यांसमोर दिसतात, समजावून सांगावं लागत नाही. मग जास्तीत जास्त तीन जोखमी, प्रत्येकीपुढे एक नाव. बाकीच्या यादीत असतात, त्या मॅडमना नको असतात.

हो, रंगाचं राहिलं. रंग कशावरून ठरतो तेही खाली एका ओळीत कायम ठेवलंय : कोणताही टप्पा एक आठवड्याहून जास्त घसरला की पिवळा, 1 एप्रिल धोक्यात आली की लाल. नाहीतर रंग माझ्या त्या दिवसाच्या धीरावर ठरतो. पहिला पिवळा पाठवताना माझ्या पोटात गोळा आला होता. मॅडमनी फक्त “ठीक” एवढंच लिहिलं.

पीएमओला चौदा स्लाइड अजून जातात. मागच्या महिन्यात एका स्लाइडवर चुकून आदल्या आठवड्याचाच तक्ता राहिला होता. अजून कोणी विचारलेलं नाही.