तुम्ही विचारलंत म्हणून: तीच जागा चार वेळा

"चौदाच मुलाखती आहेत ना? मग सॉफ्टवेअरमध्ये टाकून आठवड्याभरात निष्कर्ष का निघत नाहीत?"

गायक-वादक रियाज कसा करतात यावरच्या माझ्या अभ्यासाबद्दल तुम्ही हे विचारता. सॉफ्टवेअर आहे आणि मी ते रोज वापरते. मजकूर चढवायचा, एखाद्या वाक्यावर खूण करायची, खुणेला नाव द्यायचं. ते नाव म्हणजे कोड. पुढे त्या कोडवर क्लिक केलं की चौदाही मुलाखतींतले त्या नावाचे तुकडे एकाखाली एक दिसतात. पण खूण कुठे करायची ते माझं हे सॉफ्टवेअर सांगत नाही. शब्द शोधायला सांगितला तर काय होतं तेही बघा. गायक-वादक रियाजाला दर वेळी रियाज म्हणत नाहीत. "पहाटे तानपुरा घेऊन बसते" असं म्हणतात. म्हणून 'बसणं' शोधलं, तर "ती तान आता गळ्यात बसली" हे येतं, "लागोपाठ दोन कार्यक्रमांनी आवाज बसला" हेही येतं, आणि "दादरला बसायला जागा मिळाली" हेसुद्धा. पहिलं वाक्य सवयीचं, दुसरं फळाचं, तिसरं दुखण्याचं. चौथं बिनकामाचं म्हणून टाकावं तर तेही जमत नाही, कारण ते म्हणणारा तबलावादक लोकलमध्ये जागा मिळाली की विरारपर्यंत मनात कायदा या तबल्यातल्या रचनेचे बोल म्हणत जातो. त्याच्या दिवसातला सगळ्यात सलग रियाज तोच.

ही निवड माणसालाच करावी लागते, आणि तीही चुकते. कशी चुकते ते एका तुकड्यावर सांगते, कारण वेळ तिथेच गेला.

एका गायिकेची मुलाखत होती. मारवा रागावर बोलता बोलता तिने गाऊन दाखवलं. मजकूर उतरवताना मी लिहिलं: "ही जागा अशी घ्यायची [गायन], परत [गायन], परत घ्यायची, मग पुढे." शेजारी कोड दिला: 'पुनरावृत्ती'. आमच्या कोडपुस्तिकेत प्रत्येक कोडला व्याख्या, काय धरायचं, काय सोडायचं आणि एक नमुना असतो. 'पुनरावृत्ती'ची व्याख्या होती "तोच अंश एकापेक्षा जास्त वेळा म्हणणं किंवा वाजवणं". हा तुकडा तिच्यात चपखल बसला. नमुना म्हणून मी तोच लिहिला.

दुसऱ्या सहकाऱ्याने तीच मुलाखत स्वतंत्रपणे कोड केली. दोघांचं किती जुळतं ते पाहायला जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कप्पा नावाचा आकडा वापरतात. नुसती टक्केवारी फसवते. शंभर तुकड्यांपैकी चार-पाच ठिकाणीच येणारा कोड असेल, तर दोघांनी बहुतेक जागा कोऱ्या सोडल्या तरी नव्वदच्या वर टक्के जुळतं. योगायोगाने जेवढं जुळलं असतं तेवढं कप्पा वजा करतो. 'पुनरावृत्ती'वर आमचा कप्पा बाकी सगळ्या कोडपेक्षा चांगला आला. मी निश्चिंत झाले. आज त्या निश्चिंतीचा राग येतो. दोघांनी एकच कागद वाचला होता, आणि चूक कागद तयार होतानाच झाली होती. आपल्यासारखंच दुसऱ्यानेही वाचलं एवढंच कप्पा सांगतो. कागदावर काय उतरलंच नाही, हे त्याला कळायला मार्ग नाही.

प्रकरण लिहायला घेतल्यावर त्या जागेचं ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं, आणि 'पुनरावृत्ती' उभी राहीना.

मारवा आणि पूरिया या दोन रागांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. फरक वजनाचा आहे. मारव्यात रिषभ आणि धैवत भारी, पूरियात गंधार आणि निषाद. गायिकेने पहिल्यांदा मंद्र निषादावरून रिषभ घेत गंधारावर जाऊन मुक्काम केला, आणि तोंडातल्या तोंडात "हं" म्हटलं. दुसऱ्यांदा गंधाराला नुसता स्पर्श करून ती रिषभावर परतली आणि तिथेच थांबली. तिसऱ्यांदा तेच, पण रिषभ किंचित खाली सरकवून. मग चार-पाच सेकंद फक्त तानपुरा. चौथ्यांदा रिषभ ठेवला आणि लगेच धैवताकडे निघून गेली.

चार वेळा तीच जागा, पण एकही वेळ आधीसारखी नाही. पहिल्यांदा जागा पूरियाकडे झुकली, तिने ते ओळखलं आणि दर खेपेला एकच गोष्ट बदलून पाहिली. यातलं मजकुरात काहीच नव्हतं. गाणं कंसात गेलं होतं. "हं", "अं" आणि थांबे आम्ही मजकूर स्वच्छ करताना गाळले होते, कारण वाचायला अडथळा होतो. इथे सगळा अर्थ त्या "हं"मध्ये होता.

कोड मोडला. त्यातला प्रत्येक तुकडा काढून आधीच्या-नंतरच्या दोन मिनिटांसकट ऐकला. तीन नवे कोड झाले. घोटणं: काहीही न बदलता, अंगवळणी पडेपर्यंत, बहुधा आकडा किंवा वेळ ठरवून. तपासणं: दर खेपेला एक गोष्ट बदलते आणि कान समाधानी झाला की थांबतं. शोधणं: बदल होतात, पण गाठायची जागा ठरलेली नसते. ओळखायची खूण म्हणजे दोन खेपांच्या मधला क्षण. घोटताना मध्ये काही नसतं, तपासताना उद्गार किंवा थांबा असतो. मजकुरात आता [गायन] असं लिहीत नाही. कोणत्या मिनिटाला सुरू, किती सेकंद, कितव्यांदा आणि आधीपेक्षा काय वेगळं, एवढं लिहिते. एका तासाच्या मुलाखतीला पूर्वी पाच-सहा तास लागत, आता दहाच्या पुढे जातात. आठवडा कुठे गेला, तो असा गेला.

तुमच्यातल्या काहींचं म्हणणं असतं की एवढं कशाला, लोक किती तास बसतात ते विचारा. तास मोजून झालेले आहेत. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास १९९३ साली आला आणि तेव्हापासून तासांची चर्चा चालू आहे. पण घोटण्यातला तास आणि तपासण्यातला तास डायरीत सारखाच दिसतो. मला त्या तासाच्या आत जायचं आहे.

तरी माझं बरोबर आहे असं छातीठोक म्हणवत नाही. मारवा-पूरियाचा फरक मला ऐकू आला, कारण मी ते शिकले आहे. मग मी तिचं ऐकते आहे की माझ्या शिकवणीचं? मारवा न शिकलेल्या सहकाऱ्याला त्या चार खेपा सारख्याच वाटल्या. त्याचं ऐकून कोड सोडून द्यावा, हेही पटत नाही.

म्हणून ध्वनिमुद्रण घेऊन गायिकेकडे परत गेले, ते चाळीस सेकंद लावले आणि एवढंच विचारलं, "इथे काय चाललं होतं, ताई?" तिने दोनदा ऐकलं. म्हणाली, "घोटत होते. दुसरं काय?" मी दुसऱ्या खेपेतल्या गंधाराबद्दल विचारलं. तर म्हणाली, "हो, तो सोडला मी. सोडायलाच हवा. पण घोटणं म्हणजे तेच ना?"

आमच्या व्याख्येप्रमाणे ते घोटणं नाही. तिच्या भाषेप्रमाणे तेच घोटणं आहे. त्या तुकड्यावर सध्या दोन कोड आहेत, एक तिच्या शब्दाचा आणि एक आमचा. घोटण्याची व्याख्या मी अजून पक्की केलेली नाही. तबलावादकाच्या मुलाखतीत [बोल म्हणून दाखवतात] असं सात ठिकाणी लिहिलंय, ते आता ऐकायला घेतलंय.