तुमि नेई

रविवार, रात्री साडेदहा

तो खरगपूरला ट्रेनिंगला गेल्याला आज पाच आठवडे झाले. त्याच्या पणजोबांना बंगाल-नागपूर रेल्वेनं इथं आणलं, तेव्हापासून हे घर नागपूरचंच. तो माझ्याशी मराठीत बोलतो, आईशी बांग्लात. मी लग्नानंतर बांग्ला शिकले, तीही स्वयंपाकघरातली.

मागच्या रविवारी त्याच्यासाठी कविता लिहायला घेतली. आधी मराठीत लिहिली आणि मग शब्दकोश उघडून एकेक शब्द बदलत गेले. ‘तुझ्या आठवणीत जीव कासावीस होतो.’ आठवणीला ‘स्मृति’ मिळाला, म्हणून ‘तोमार स्मृतिते’ असं लिहून पाठवलं. लगेच फोन आला. “अगं, कोण गेलं? असं तर आमच्याकडे श्रद्धांजलीत लिहितात!” मला रडूच आलं. शब्द चुकीचा नव्हता, पण जिवंत माणसासाठी तो नव्हता.

आज सकाळी सवयीनं दोघांचा चहा टाकला. गाळताना दोन कप समोर ठेवले आणि तिथेच, ओट्यापाशी उभी राहून, बिलाच्या मागे लिहिलं. या वेळी मराठीत काही आलंच नाही. जे शब्द सासूबाईंशी रोज बोलते, तेवढेच घेतले.

तुमि ना.
चा कोरेछि.
दुटो काप.
ॲक्टा खालि.
मोन कॅमोन कोरे.

तू नाहीस. चहा केलाय. दोन कप. एक रिकामा. आणि शेवटची ओळ शब्दशः ‘मन कसं करतं’ अशी होते. कोणाच्या ओढीनं कशातच मन लागेनासं झालं की सासूबाई हेच म्हणतात. ‘कासावीस’ शोधत बसले असते तर ही ओळ मला सुचलीच नसती.

सासूबाईंना वाचून दाखवली. पहिल्याच ओळीला त्या थांबल्या. ‘तुमि ना’ म्हणजे आपलं लाडानं रागावलेलं ‘तू ना…!’ वाक्य अर्धंच राहतं. आपल्या एका ‘नाही’साठी बांग्लात वेगवेगळे शब्द आहेत. क्रिया नाकारायला ‘ना’, ‘हा तो नव्हे’ म्हणायला ‘नॉय’, आणि माणूस किंवा वस्तू तिथं नसेल तर ‘नेई’. मी नेई, तू नेई, ते नेई, कोणासाठीही तो बदलत नाही. मराठीतल्या ‘नाहीस’मध्ये तू आहेसच, शेवटच्या ‘स’मध्ये. ‘नेई’मध्ये कोणीच नाही. मला तेच हवं होतं.

‘तुमि नेई’ केलं आणि पाठवलं. अकरा शब्द.

रात्री त्याचा फोन आला. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, “दुसऱ्या कपातला चहा काय केलास?”

“मीच प्यायले. थंड झाला होता.”

पुन्हा गप्प. मग ‘राखछि’ म्हणाला, म्हणजे आपलं ‘ठेवतो’. आणि दोघांनीही फोन ठेवला नाही.