मोबाईलवरचा भाव आणि माझ्या सोयाबीनचा भाव

आमची साडेतीन एकर कोरडवाहू शेती दारव्हा तालुक्यात आहे. मोबाईल साधा, 2 जीबी रॅमचा. नवं ॲप टाकायचं तर आधी व्हॉट्सॲपचे व्हिडिओ पुसावे लागतात. त्यामुळं मी दोनच गोष्टी ठेवल्या आहेत: हवामानासाठी मेघदूत ॲप आणि भावासाठी राज्याच्या कृषी पणन मंडळाची वेबसाइट. 2024 च्या सोयाबीनच्या हंगामात या दोन्हींचा मला काय उपयोग झाला, ते सांगतो.

मेघदूतवर जिल्हा आणि मराठी भाषा निवडली की मंगळवारी आणि शुक्रवारी नवा कृषी सल्ला येतो, सोबत पुढच्या पाच दिवसांचा अंदाज. शेतात रेंज नसते, म्हणून मी घरीच स्क्रीनशॉट काढून ठेवतो. त्या शुक्रवारी सोमवार-मंगळवारी पाऊस दाखवत होता आणि तयार सोयाबीन सोंगून सुरक्षित जागी ठेवा, असा सल्ला होता. बाबा म्हणाले, "सगळं सोंगून टाक, मजूर मंग भेटत नाहीत." पण घरी ताडपत्री दोनच एकराची गंजी झाकेल एवढी. सोंगून जमिनीवर पसरलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला की खालून ओल धरते, शेंगेतच दाणा कोंबतो. उभ्या झाडाची शेंग वाऱ्यानं लवकर सुकते. फार दिवस ठेवली तर तडकते, पण चार-पाच दिवस निभतात. म्हणून दोन एकर सोंगलं, गंजी लावून झाकली आणि दीड एकर उभं ठेवलं.

पाऊस सोमवारी आलाच नाही, मंगळवारी रात्री आला. अंदाज जिल्ह्याचा असतो, माझ्या धुऱ्याचा नसतो. म्हणून मी त्यातला मिलिमीटरचा आकडा धरत नाही, पावसाचे दिवस तेवढे धरतो आणि त्यातही एक दिवस मागंपुढं.

गंजी वाचली, थ्रेशरमधून 10 क्विंटल माल निघाला. मजुरांचे पैसे द्यायचे होते. 4,892 हमीभावाचं खरेदी केंद्र अजून सुरू व्हायचं होतं, तोवर थांबणं शक्य नव्हतं.

वेबसाइटवर बाजार समितीच्या नावापुढं आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असतो. त्या दिवशी आमच्या बाजारात किमान 3,500, कमाल 4,250 आणि सर्वसाधारण 4,150 होता. आदल्या वर्षी मी कमाल दर पाहून गाडी भरली होती आणि हर्रासात तोंड पाडून परत आलो होतो. कमाल दर एखाद्या वाळल्या, चाळल्या ढिगालाही मिळालेला असू शकतो. जास्तीत जास्त माल ज्या भावानं गेला, तो सर्वसाधारण दर. मी आता तोच पाहतो आणि त्याच्याआधी वर लिहिलेली तारीख पाहतो, कारण सुटी आली की जुनाच भाव दिसत राहतो.

या वेळी गाडी न भरता पिशवीत अर्धा किलो दाणे घेऊन एका अडत्याकडं गेलो. त्यानं मीटरमध्ये टाकले आणि म्हणाला, "भाऊ, 18 ओलावा हाये. 3,700 च्या वर जात नाही." राग आला, पण मीटर माझ्यासमोरच होतं. बाजारात 12 टक्के ओलावा धरून भाव लागतो. मोबाईलवरचा 4,150 वाळल्या मालाचा होता आणि माझा माल अजून ओला होता.

घरी येऊन वहीवर हिशेब मांडला. 18 टक्के ओलाव्याच्या 10 क्विंटलमध्ये 180 किलो पाणी आणि 820 किलो कोरडा माल. 12 टक्क्यांवर आणला तर 820 भागिले 0.88, म्हणजे साधारण 932 किलो भरेल. 68 किलो वजन उडून जाणार. ओला विकला तर 37,000. वाळवून 4,150 नं विकला तर साडेअडतीस हजारांच्या वर. भाव तेवढ्यात 180 रुपयांहून जास्त पडला असता, तर वाळवण्याची मेहनत वाया जाणार होती. म्हणून रोज संध्याकाळी सर्वसाधारण दर आणि आवक पाहून वहीत लिहीत गेलो.

घराच्या ओट्यासमोर ताडपत्रीवर चार दिवस माल पसरला. बायको दर दोन तासांनी फावड्यानं परतायची, सांज झाली की दव पडायच्या आत ढीग करून झाकायचो. पाचव्या दिवशी दाणा दाताखाली कडकन् फुटला. पुन्हा अर्धा किलो नेला, मीटरवर 12 आला. काट्यावर 9 क्विंटल 28 किलो भरलं, भाव 4,150 च मिळाला. 38,512 रुपये झाले, हमाली-तोलाई त्यातून गेली.

कारंज्याच्या बाजारात त्या दिवशी 70 रुपये जास्त दिसत होते. पण सव्वानऊ क्विंटलवर ते साडेसहाशे होतात, आणि गाडीभाडंच त्याहून जास्त सांगितलं होतं.

उभं ठेवलेलं दीड एकर त्याच आठवड्यात सोंगलं. धुऱ्याकडच्या दोन ओळींत शेंगा तडकल्या होत्या, बाकीचं चांगलं निघालं.